‘डिलिव्हरी चार्ज वेगळा’ लिहूनही गिऱ्हाईक गोंधळतं, तेव्हा काय तपासायचं

घरगुती वाळवण ऑनलाइन विकणाऱ्यांची दर उन्हाळ्यात एकच तक्रार असते. लिस्टिंगमध्ये सगळं लिहिलंय, तरी लोक विचारतातच: ‘किती पडेल?’, ‘आमच्याकडे येतं का?’, ‘सीओडी आहे ना?’ उत्तरं देऊन ऑर्डर घ्यावी, तर दारात पार्सल गेल्यावर ‘एवढे पैसे कुठे ठरले होते?’ म्हणून परत. लोक वाचत नाहीत, असं म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. पण प्रश्नांचे मेसेज जरा गोळा करून बघितले तर दिसतं की लोक वाचतात, फक्त वाचून त्यांना स्वतःचा आकडा सापडत नाही.

सांगलीतल्या एका ताईंची लिस्टिंग उदाहरणाला घेऊ. त्या गव्हाची कुरडई आणि उडदाचे पापड विकतात, व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर आणि इन्स्टाग्रामवर. त्यांचा मजकूर असा होता:

> घरगुती गव्हाची कुरडई. ₹४८० किलो. शिपिंग ₹१०० किलोमागे. सीओडी उपलब्ध (चार्जेस लागू). पुण्यात फ्री डिलिव्हरी. ऑल इंडिया शिपिंग.

वाचायला काही चुकीचं नाही. पण या दोन ओळींत चार ठिकाणी पाणी मुरतं, आणि प्रत्येक ठिकाणाहून वेगळा प्रश्न येतो. म्हणून आधी प्रश्न बघायचा आणि त्यावरून वाक्य शोधायचं.

‘किलोमागे शंभर’ आणि कुरिअरचं बिल जुळत नाही

ही चूक गिऱ्हाइकाला दिसत नाही, विक्रेत्याला दिसते. पण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण तोटा जाणवला की माणूस ऑर्डर आल्यावर दर वाढवून सांगायला लागतो.

कुरिअर कंपन्या नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि बहुतेक कंपन्या त्याला ५००० ने भागतात. येतं ते आकारमानाचं वजन, किलोमध्ये. काट्यावरचं आणि हे, यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर चढवून.

कुरडई म्हणजे अर्धी हवाच. एक किलो कुरडई न मोडता पोचवायची तर ३० × २५ × २० सेंटिमीटरचं खोकं लागतं. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. काट्यावर तेच खोकं जेमतेम सव्वा किलो भरतं. पापडाचं उलट आहे. एक किलो पापड २० × २० × १० च्या खोक्यात बसतात, आकारमानाचं वजन ८०० ग्रॅम येतं, काट्यावर सव्वा किलो, म्हणून पैसे दीड किलोचे.

आता समजा कुरिअरचा दर महाराष्ट्रात पहिल्या अर्ध्या किलोला ₹४० आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ₹३० आहे. (तुमचा दर वेगळा असेल, रीत हीच.) पापडाचे दीड किलो म्हणजे ४० अधिक ६०, झाले ₹१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ₹११८. कुरडईचे तीन किलो म्हणजे ४० अधिक १५०, ₹१९०, जीएसटी धरून ₹२२४. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही एक किलोच, पण खर्च जवळजवळ दुप्पट. ताईंचा शंभराचा आकडा पापडावरून आला होता, तोही जीएसटी सोडून. कुरडईच्या प्रत्येक खोक्यामागे सव्वाशेच्या आसपास पदरचे जात होते.

तेव्हा ‘किलोमागे’ हा शब्द काढून टाकायचा. शिपिंग मालाच्या किलोवर नाही, पॅकवर लिहायचं: कुरडई १ किलोच्या पॅकला ₹२३०, पापड १ किलोच्या पॅकला ₹१२०. प्रत्येक पॅक एकदा खरोखर भरून, टेप लावून, मोजून घ्यायचा. रिकाम्या खोक्याच्या मापावर जाऊ नका. भरल्यावर ते फुगतं आणि दोन सेंटिमीटरने टप्पा बदलतो.

दोन्ही एकत्र मागवलं तर? पापडाचं पाकीट कुरडईच्या तळाला ठेवलं की खोक्याची उंची २० ची २४ होते. १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६, चढवून ४ किलो. खर्च ₹२५० आणि जीएसटी, मिळून ₹२९५. वेगवेगळे पाठवले तर २३० आणि १२० मिळून ₹३५० घ्यावे लागले असते. म्हणून ‘दोन्ही एकत्र घेतल्यास शिपिंग ₹३००’ ही ओळ गिऱ्हाइकाच्या आणि आपल्याही फायद्याची. पण एवढी एकच जोडी लिहा. सगळ्या मालाच्या सगळ्या जोड्यांचं कोष्टक टाकलं की ते कोणी वाचत नाही, आणि तेव्हा लोकांचा दोष नसतो.

‘₹९९९ च्या वर शिपिंग फ्री’ हे दुसऱ्याचं बघून लिहिण्याआधी कुरडईचं गणित करा. हजाराची कुरडई म्हणजे दोन किलोंहून थोडी जास्त, खोकं सहा किलोंच्या पुढचं. साड्या किंवा मसाले विकणाऱ्याला जे परवडतं ते वाळवणाला परवडत नाही.

‘मला नक्की किती पडेल?’

हा प्रश्न वारंवार येत असेल तर लिस्टिंगमध्ये बेरीज नाही, एवढाच त्याचा अर्थ. ₹४८० एका जागी, शिपिंग दुसऱ्या जागी, सीओडीचे ‘चार्जेस लागू’ तिसऱ्या जागी. लागू म्हणजे किती, ते कुठेच नाही. अशा वेळी माणूस मनातल्या मनात सगळ्यात लहान आकडा धरतो आणि पुढे भांडण त्याच आकड्यावरून होतं.

दर मांडताना कुरिअरचे झोन गिऱ्हाइकापुढे ठेवू नका. त्यांच्या तक्त्यात शहरात, राज्यात, महानगर ते महानगर, उरलेला देश, ईशान्य आणि काश्मीर असे पाच-सहा रकाने असतात. ते आपल्या हिशोबाला ठेवायचे. लिस्टिंगला दोनच ओळी पुरतात: महाराष्ट्र आणि इतर राज्ये. प्रत्येक ओळीत त्यातल्या त्यात महाग रकान्याजवळचा, पूर्णांकात आणलेला आकडा. ईशान्येकडची ऑर्डर क्वचितच येते, तिचा दर विचारून सांगितला तरी चालतं.

आणि ओळ अशी हवी की वाचणाऱ्याला बेरीज करावी लागू नये: ‘महाराष्ट्र: ₹४८० + शिपिंग ₹२३० = ₹७१०’. ही फक्त सोय नाही. ई-कॉमर्ससाठीच्या ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि तिची फोड, डिलिव्हरी चार्जसकट, दाखवावी असं सांगितलेलं आहे. आधी कमी किंमत दाखवून पैसे भरायच्या वेळी एकेक चार्ज बाहेर काढण्याला २०२३ च्या, ग्राहकाला चकवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटलं आहे, आणि ते वर्ज्य आहे. घरगुती विक्रेत्याच्या मनात तसं काही नसतं, पण ‘चार्जेस लागू’चा परिणाम नेमका तोच होतो.

शिपिंग किमतीत मिसळून ‘₹७१०, शिपिंग फ्री’ असं लिहावं का, हा प्रश्न हमखास निघतो. कुरडईला तरी माझं मत नाही असंच आहे. गावातलं गिऱ्हाईक घरी येऊन नेतं, त्याला ४८० चा भाव ७१० दिसला की ते दुसरीकडे जातं. आणि तीन किलो घेणाऱ्याकडून तीनदा शिपिंग वसूल होतं, हे त्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

‘सीओडी आहे ना? मग आधी पैसे कसले?’

‘सीओडी उपलब्ध’ या दोन शब्दांतून लोक तीन गोष्टी वाचतात, ज्या तुम्ही लिहिलेल्याच नाहीत. एक, आत्ता काहीच द्यायचं नाही. दोन, पार्सल उघडून बघून मग पैसे द्यायचे. तीन, नको वाटलं तर परत करता येतं. यातली दुसरी सगळ्यात त्रासाची. साधारणपणे कुरिअरवाला पैसे हातात पडल्याशिवाय पार्सल उघडू देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘बघू तर द्या, मोडकी निघाली तर?’ तो म्हणतो, ‘मला ते अलाऊड नाही.’ पार्सल परत. तुम्हाला कळतं दोन दिवसांनी.

परतीचा खर्च बघा. जाताना ₹२२४, येताना बहुधा तेवढेच. साडेचारशे गेले आणि दोन प्रवास केलेली कुरडई चुरा होऊन आली. एका परतीने पाच-सहा ऑर्डरींचा नफा खाल्ला. म्हणूनच वाळवणासारख्या फुगीर आणि नाजूक मालाला शिपिंगपुरते पैसे आधी घ्यायचे आणि मालाचे दारात, ही पद्धत बरी पडते. पण तिला नुसतं ‘पार्शियल सीओडी’ म्हणून भागत नाही. दोन आकडे लिहावे लागतात: आता किती आणि दारात किती.

सीओडीसाठी कुरिअर वेगळं शुल्क घेतं. बहुतेकदा ते एक ठरावीक रक्कम किंवा बिलाचे काही टक्के, यांतलं जे जास्त ते, असं असतं. समजा ₹५० किंवा २ टक्के. सातशेच्या ऑर्डरवर २ टक्के म्हणजे चौदाच रुपये, म्हणून ₹५० लागू, जीएसटी धरून ₹५९. लिस्टिंगमध्ये ₹६०. मग ताईंची ओळ अशी झाली:

> कॅश ऑन डिलिव्हरी हवी असल्यास ₹६० जादा, एकूण ₹७७०. त्यातले ₹२३० ऑर्डर देताना यूपीआयने. दारात फक्त ₹५४०. पैसे दिल्यावरच पार्सल उघडता येईल. मोडतोड निघाल्यास उघडतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी पाठवा. पार्सल घेतलं नाही तर आधीचे ₹२३० परत मिळत नाहीत. आम्हालाच पाठवता आलं नाही तर पूर्ण परत.

‘दारात फक्त ₹५४०’ हीच सगळ्यात कामाची ओळ. पार्सल बऱ्याचदा घरातली दुसरीच व्यक्ती घेते. ऑर्डर सुनेने दिलेली असते, दार सासूबाई उघडतात. त्यांच्याशी फोनवर एवढंच बोलणं होतं की ‘आई, तो पाचशे चाळीस मागेल, द्या.’ हा आकडा पार्सलच्या लेबलवर छापलेल्या रकमेशी तंतोतंत जुळला पाहिजे. लेबल तयार करताना आगाऊ घेतलेले पैसे वजा करायचे राहिले तर तिथे ₹७७० छापलं जातं, आणि कुरिअरवाला लेबलाप्रमाणेच मागतो. दारात वाद झाला असं कळलं की लिस्टिंगच्या आधी लेबलचा फोटो बघा.

सीओडी आणि डिलिव्हरी या दोन वेगळ्या सोयी आहेत, हेही ध्यानात असू द्या. कुरिअरच्या पिनकोडच्या यादीत आगाऊ पैसे भरलेल्या पार्सलांचा रकाना वेगळा आणि सीओडीचा वेगळा असतो. पहिल्यात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ अशी गावं बरीच सापडतात. ‘ऑल इंडिया शिपिंग, सीओडी उपलब्ध’ एका ओळीत लिहिलं की दोन्ही सगळीकडे आहेत असंच वाटतं.

‘पुण्यात फ्री म्हणालात, मी पुण्याचाच आहे’

हा माणूस बहुतेक वेळा वाघोलीत किंवा तळेगावात राहतो आणि त्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबर असतं. पत्त्यात तो पुणेच लिहितो. मुंबईचं तर विचारूच नका. विरारचा, डोंबिवलीचा, पनवेलचा, प्रत्येक जण नातेवाइकांना ‘मुंबईला असतो’ असंच सांगतो. गावाचं नाव लिहून हद्द सांगता येत नाही. पिनकोडने येते, पण त्यातही एक खोच आहे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे एका मराठी माणसाने. तो टपाल वर्गीकरणासाठी आहे, जिल्ह्यांच्या सीमांसाठी नाही. पहिले तीन आकडे वर्गीकरणाचा विभाग सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. त्यामुळे पहिल्या तीन आकड्यांवर हद्द आखताना नकाशा डोक्यात ठेवावा लागतो. ४०० मध्ये मुंबई, पण ठाणे शहर आणि वाशीसुद्धा. मीरा रोड आणि विरार ४०१ मध्ये, कल्याण-डोंबिवली ४२१ मध्ये. ४११ म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, तर वाघोली ४१२२०७. सगळ्यात फसवा ४१०. पनवेल आणि खारघर त्यात आहेत, म्हणून ‘नवी मुंबईसाठी ४१०’ लिहावं तर लोणावळा आणि तळेगाव दाभाडेही त्यातच येतात.

ताईंनी एकदा ‘४१६ पिनकोडला घरपोच फ्री’ असं लिहायचं मनात आणलं होतं, कारण सांगली ४१६४१६ आणि त्यांचा मुलगा सांगली-मिरजेत स्कूटरवरून डबे पोचवतो. पण ४१६ मध्ये कोल्हापूर आहे आणि घाट उतरून सावंतवाडीही आहे. स्कूटर तिथवर जायची नाही. अशा वेळी शहराचं नाव आणि पूर्ण सहा आकडी पिनकोड, दोन्ही लिहायचे. फ्री डिलिव्हरीचे पिनकोड पाच-सात असतील तर यादीच द्या. पंचवीस व्हायला लागले तर फ्रीची हद्दच फार मोठी ठेवलीय असं समजा.

आता पुण्याच्या ‘फ्री’चं. चौकशी केल्यावर कळलं की ताई पुण्याचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतात आणि गिऱ्हाईक सकाळी स्वारगेटला जाऊन घेतं. ही घरपोच डिलिव्हरी नव्हेच. ‘डिलिव्हरी’ वाचून माणूस दारात वाट बघत बसतो आणि पार्सल बसच्या डिकीतून भलतीकडे जातं. ती ओळ अशी बदलली: ‘पुणे: ट्रॅव्हल्सने, शिपिंग नाही. घरपोच नाही, सकाळी स्वारगेटला स्वतः घ्यावं लागेल. पैसे आधी. घरपोच हवं तर महाराष्ट्राचा दर.’ ‘घरपोच’ आणि ‘स्वतः घेणे’ हे शब्द वापरले की प्रश्न निम्म्यावर येतात. एसटीने पार्सल पाठवणाऱ्यांनाही हेच लागू.

‘ऑल इंडिया’ हा शब्द मात्र टाळाच. तालुक्याच्या गावापासून आतल्या वाड्या-वस्त्यांना कुरिअर बऱ्याचदा घरपोच जात नाही. जवळच्या ऑफिसात येऊन न्या म्हणून फोन करतं किंवा जादा आकारणी लावतं. तिथे स्पीड पोस्टाचा आधार असतो. त्यासाठी एक वाक्य पुरे: ‘जिथे कुरिअर घरपोच जात नाही तिथे स्पीड पोस्टाने पाठवतो, पैसे आधी, दर पिनकोड कळल्यावर सांगतो.’ इथे आकडा न देणं चालतं, कारण बाकीच्यांना तो मिळालेला असतो. ‘पिनकोड पाठवा, मग सांगतो’ हेच सगळ्यांसाठीचं उत्तर असेल तर निम्मी गिऱ्हाइकं पिनकोड पाठवतच नाहीत.

हद्द लिहिताना गोव्याचं बघून घ्या. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात हे खरं, पण ४०३ गोव्याचा. तुमच्या कुरिअरच्या तक्त्यात गोवा कुठल्या रकान्यात आहे ते पाहून त्याला महाराष्ट्राच्या ओळीत घ्या किंवा इतर राज्यांच्या, पण नाव घालून लिहा. पणजीचं गिऱ्हाईक स्वतःला ‘इतर राज्य’ समजत नाही, निदान कुरडई मागवताना तरी.

मजकूर कुठे ठेवायचा

फोटोवर दर छापू नका. मालाचा फोटो फॉरवर्ड होत होत फिरतो आणि वर्षभरापूर्वीचं ‘शिपिंग ₹१००’ घेऊन कोणीतरी तुमच्यापर्यंत येतं. दर मजकुरात ठेवा आणि पुढे ‘१ मार्चपासूनचे दर’ अशी तारीख घाला. फोनवर लांब वर्णनाचा वरचा भागच आधी दिसतो. म्हणून एकूण किमतीच्या दोन ओळी आणि ‘दारात किती’ ही ओळ पहिल्यांदा, आणि ‘आमच्या आजीच्या हातची चव’ खाली.

मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर उलटं करा. तिथे पिनकोड टाकला की शिपिंग, सीओडी आणि हद्द प्लॅटफॉर्म स्वतः दाखवतो. तुमच्या वर्णनात त्याविषयी एक अक्षर नको, नाहीतर पानावर दोन आकडे दिसतात आणि गिऱ्हाईक त्यातला स्वस्त धरून बसतं.

मजकूर बदलल्यावर तो अशा कुणाला तरी द्या ज्याला तुमच्या मालाची माहिती नाही, आणि तीन पत्ते सांगा: वाघोली, पणजी आणि तुमच्याच गावातली पलीकडची गल्ली. प्रत्येकासाठी ‘आता किती द्यायचे, दारात किती, आणि घरपोच येणार का’ एवढं विचारा. ज्या पत्त्याला तो अडखळेल त्या ओळीत अजून काम आहे.

एवढं करूनही महिन्याच्या बिलात खर्च आणि घेतलेलं शिपिंग जुळत नसेल, तर प्रश्न लिस्टिंगचा नाही. कुरिअरने खोकं पुन्हा मोजून वजन वाढवलेलं असू शकतं. बिलात ‘वजनातील तफावत’ अशा नावाची वेगळी नोंद असते. मोजपट्टी खोक्याला लावलेली आणि खोकं काट्यावर ठेवलेलं, असे दोन फोटो प्रत्येक पार्सलाचे काढून ठेवले असतील तर मुदतीत हरकत घेता येते. मुदत सहसा थोड्या दिवसांचीच असते, त्यामुळे ही नोंद महिनाअखेरीला नाही, दर आठवड्याला बघा.